दुकान बंद केलं, पण जीएसटी नंबर चालूच आहे

गावातलं दुकान बंद करायला फारसं काही लागत नाही. उरलेला माल विकायचा, उधारीची वही पाहून चार घरी चकरा मारायच्या, भाड्याची जागा असेल तर किल्ली मालकाच्या हाती द्यायची, झालं. जीएसटी नंबरचं तसं नाही. तो रीतसर रद्द करून घेतला नाही तर सरकारच्या नोंदीत तुमचं दुकान चालूच राहतं आणि रिटर्न भरण्याची तारीख दर महिन्याला किंवा दर तिमाहीला येत राहते. मग वर्ष-दीड वर्षाने हातात मोबाईल धरून माणूस विचारतो, "दुकान त बंद केलं मी, मंग नोटीस कायची?"

यवतमाळ, वाशिम, बुलढाण्याकडच्या लहान दुकानदारांची ही कागदपत्रं पाहताना एक गोष्ट सारखी दिसते. नंबर रद्द करायचा अर्ज केला की सुटलो, असं बहुतेकांना वाटतं. अर्ज ही मधली पायरी आहे. तिच्या आधी शिल्लक मालाचा आणि जुन्या नोटिसांचा हिशेब असतो आणि तिच्यानंतर अंतिम रिटर्न असतं. पैसा जातो तो या दोन टोकांना. म्हणून एकाच दुकानाचं उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत पाहू.

दुकान दारव्हा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आहे असं समजा. पाइप, फिटिंग, वायर आणि रंग असा माल. मालक एकटा, भागीदार कोणी नाही. जीएसटी नियमित योजनेत, रिटर्न तिमाही. वर्षाची विक्री पंधरा-वीस लाखांची. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नसते, पण नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याने पक्क्या बिलासाठी नंबर मागितला म्हणून याने स्वतःहून घेतला होता. आता तब्येत साथ देत नाही, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. ३१ डिसेंबर २०२५ ला दुकान कायमचं बंद करायचं ठरलं.

आधी दोन गोष्टी पाहून घ्या

पहिली गोष्ट, तुमची नोंदणी कोणत्या योजनेत आहे. गावाकडची बरीच किराणा आणि कापड दुकानं कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याच्या योजनेत, असतात. कंपोझिशनवाल्याला अंतिम रिटर्न, म्हणजे GSTR-10, भरावंच लागत नाही. त्याने शेवटच्या तिमाहीचं कर भरण्याचं विवरण CMP-08 आणि त्या आर्थिक वर्षाचं रिटर्न GSTR-4 भरायचं असतं. खरेदीवरच्या कराचं क्रेडिट त्याने घेतलेलंच नसतं, त्यामुळे पुढे येणारा शिल्लक मालाचा हिशेबही त्याला लागू नाही. पुढचं सगळं नियमित योजनेतल्या दुकानदारासाठी आहे.

दुसरी गोष्ट, पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल कोणाचा आहे. नोंदणी करताना दुकानदाराने सगळं करून देणाऱ्यावर सोपवलेलं असतं आणि त्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो, नोटिशीचा संदेशही त्याच्याकडेच जातो. त्या माणसाने काम सोडलं किंवा गाव बदललं की दुकानदार आपल्याच खात्याबाहेर पडतो. रद्द करण्याचा अर्ज आणि अंतिम रिटर्न दोन्हींना ओटीपी लागतो, म्हणून नोंदणी चालू असतानाच तिथे स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा नंबर टाकून घ्या. ओटीपी द्यायलाच कोणी उरलेलं नसेल, तर ज्या जीएसटी अधिकाऱ्याच्या हद्दीत दुकान येतं त्याच्याकडे ओळखपत्र आणि नोंदणीची कागदपत्रं घेऊन जा. नंबर आणि ईमेल बदलून देण्याची सोय त्याच्याकडे असते.

नोटिसा शोधायच्या कुठे

घरी पोस्टाने काही आलं नाही म्हणजे नोटीस नाही, असं धरू नका. पोर्टलवर चढवलेली नोटीसही बजावलेलीच मानली जाते. पोर्टलवर त्या एका ठिकाणी नसतात. Services > User Services मध्ये View Notices and Orders आणि View Additional Notices/Orders असे दोन वेगळे पर्याय आहेत. लोक पहिला उघडतात, तो रिकामा दिसला की निर्धास्त होतात. छाननीची किंवा कर-मागणीची नोटीस बहुतेक वेळा दुसऱ्यात असते.

आपल्या दुकानदाराला तिथे दोन कागद सापडले.

एक होता GSTR-3A, म्हणजे रिटर्न न भरल्याची नोटीस. जुलै ते सप्टेंबर २०२५ मध्ये आजारपणामुळे दुकान उघडलंच नव्हतं. विक्री नाही तर रिटर्न कशाला, असं समजून त्याने काही भरलं नाही. पण विक्री शून्य असली तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. या नोटिशीत १५ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात भरलं नाही तर अधिकारी त्याच्याकडच्या माहितीवरून अंदाजाने कर ठरवून ASMT-13 हा आदेश काढू शकतो आणि तो अंदाज दुकानदाराच्या बाजूने क्वचितच असतो. तसा आदेश आलाच असेल तर तो मिळाल्यापासून ६० दिवसांत खरं रिटर्न भरून टाका, आदेश आपोआप मागे घेतला गेला असं कायदा मानतो. विलंब शुल्क आणि व्याज मात्र भरावं लागतं.

आपल्याकडे आदेश निघालेला नव्हता. त्याने २० डिसेंबरला आधी त्या तिमाहीचं शून्य GSTR-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, आणि मग GSTR-3B, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न, भरलं. शून्य GSTR-3B ला रोज २० रुपये विलंब शुल्क लागतं, पण एका रिटर्नला ५०० रुपयांच्या वर जात नाही. त्याची मुदत २५ ऑक्टोबरला संपली होती, त्यामुळे ५०० रुपयांत प्रकरण मिटलं. हे रिटर्न भरल्याशिवाय पुढच्या तिमाहीचं भरताच आलं नसतं, कारण GSTR-3B क्रमानेच भरावं लागतं. म्हणून मागचा खड्डा आधी बुजवायचा.

कोणाकडे खूप जुनी रिटर्न राहिली असतील तर आणखी एक अडचण आहे. मुदतीची तारीख उलटून तीन वर्षं झाली की ते रिटर्न पोर्टल आता स्वीकारत नाही. तेव्हा अशी रिटर्न बाकी असणाऱ्याने दुकान बंद व्हायची वाट पाहू नये.

दुसरा कागद होता ASMT-10, छाननीची नोटीस. २०२२-२३ मध्ये घेतलेलं क्रेडिट पुरवठादारांनी दाखवलेल्या रकमेपेक्षा ४,५०० रुपयांनी जास्त आहे, असं त्यात म्हटलं होतं. अशा नोटिशीला घाबरून लगेच पैसे भरू नका आणि ती बाजूलाही ठेवू नका. आधी GSTR-2B, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून बनलेला क्रेडिटचा तक्ता, काढा आणि खरेदीची बिलं एकेक करून जुळवा. पुष्कळदा पुरवठादाराने बिल एक-दोन महिने उशिरा दाखवलेलं असतं आणि फरक फक्त महिन्याचा असतो. तसं असेल तर त्या महिन्याचा GSTR-2B जोडून ASMT-11 मध्ये उत्तर द्यायचं, पैसे भरायचे नाहीत.

इथे तसं नव्हतं. फेब्रुवारी २०२३ चं एक बिल पुरवठादाराने कधी दाखवलंच नाही. फोन केला तर त्याचा धंदाच बंद झालेला. ते क्रेडिट धरून ठेवण्यात अर्थ नव्हता. ४,५०० रुपये कर आणि त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी एप्रिल २०२३ ते डिसेंबर २०२५ असं ३२ महिन्यांचं व्याज, म्हणजे २,१६० रुपये. ही रक्कम त्याने DRC-03, म्हणजे स्वतःहून कर भरण्याच्या फॉर्ममधून, भरली आणि तिचा क्रमांक ASMT-11 मध्ये लिहून उत्तर दिलं. कारणे दाखवा नोटीस निघायच्या आधी कर आणि व्याज भरलं म्हणून दंड लागला नाही. अधिकाऱ्याचं समाधान झालं की तो ASMT-12 काढतो. ते हाती येईपर्यंत प्रकरण बंद झालं असं समजू नका. नुसत्या DRC-03 च्या पावतीवर निवांत बसलेल्या माणसाला पुढे DRC-01, म्हणजे मागणीची कारणे दाखवा नोटीस, आलेली मी पाहिली आहे. पैसे भरलेले होते, पण उत्तरच दिलेलं नव्हतं.

एखाद्याकडे गोष्ट याच्याही पुढे गेलेली असते, म्हणजे DRC-07 हा मागणीचा आदेशच निघालेला असतो. तिथे उत्तराची वेळ संपलेली असते आणि रस्ते दोनच उरतात. एक तर रक्कम भरायची किंवा आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत अपील करायचं. अपिलासाठी वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. तीन महिन्यांनंतर आणखी एक महिना सबळ कारण दाखवून मिळू शकतो, पण त्याच्यापुढे अपील अधिकाऱ्याचेही हात बांधलेले असतात.

अशी मागणी बाकी असली म्हणून नंबर रद्द करण्याचा अर्ज कायद्याने अडत नाही. उलटही तितकंच खरं आहे. नंबर रद्द झाला म्हणून जुनी मागणी संपत नाही, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २९ मध्ये हे स्पष्टच लिहिलं आहे. एकट्या मालकीच्या दुकानात दुकान आणि मालक कायद्याला वेगळे दिसत नाहीत. थकबाकी राहिली तर त्याच माणसाचं बचत खातं गोठवता येतं आणि रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्याचा मार्गही कायद्यात आहे. घरची चार-पाच एकर शेती आपल्याच नावावर असणाऱ्या दुकानदाराने ही ओळ दोनदा वाचावी.

शिल्लक मालावर कर का

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून थोडं सावकाश पाहू.

तुम्ही १०० रुपयांचा पाइप घेतला, त्यावर १८ रुपये कर दिला. ते १८ रुपये तुम्ही क्रेडिट म्हणून घेतले आणि दुसऱ्या विक्रीच्या करातून वजा केले. सरकारने ही सवलत या भरवशावर दिली की हा पाइप तुम्ही विकाल तेव्हा त्यावरचा कर गोळा करून जमा कराल. आता पाइप दुकानातच राहिला आणि नंबर रद्द झाला, तर तो कर कधीच येणार नाही. म्हणून बंद करताना हिशेब चुकता करायचा असतो.

नियम असा आहे. नंबर ज्या तारखेपासून रद्द होतो, तिच्या आदल्या दिवशी जो माल शिल्लक आहे त्यावर घेतलेलं क्रेडिट एका बाजूला मांडायचं. तोच माल आज विकला असता तर किती कर लागला असता ते दुसऱ्या बाजूला मांडायचं. दोन्हींत जी रक्कम जास्त असेल ती भरायची. भाव उतरला तरी घेतलेलं क्रेडिट परत करावंच लागतं आणि भाव चढला असेल तर चढलेल्या भावावर कर लागतो.

आपल्या दुकानदाराकडे डिसेंबरच्या सुरुवातीला १,६०,००० रुपये खरेदी किमतीचा माल होता. सगळ्यावर १८ टक्के कर, म्हणजे घेतलेलं क्रेडिट २८,८००. त्याच मालाचा आजचा भाव १,७५,००० धरला तर कर ३१,५०० होतो. जास्त रक्कम ३१,५००, म्हणजे माल तसाच ठेवून नंबर रद्द केला असता तर एवढे लागले असते.

त्याशिवाय संगणक आणि प्रिंटर होता. १० एप्रिल २०२३ ला ४०,००० रुपयांना घेतलेला, त्यावर ७,२०० रुपये क्रेडिट घेतलेलं. अशा वस्तूचं आयुष्य पाच वर्षं, म्हणजे ६० महिने धरतात. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत ती ३२ महिने आणि काही दिवस वापरली. उरलेलं आयुष्य मोजताना अर्धवट महिना सोडून द्यायचा असतो, म्हणून २७ महिने. ७,२०० ला ६० ने भागून २७ ने गुणलं की ३,२४० येतात. जुना संगणक आज ९,००० ला गेला असता, त्यावरचा कर १,६२०. जास्त रक्कम ३,२४०, म्हणून तीच भरायची.

दोन्ही मिळून ३४,७४०. क्रेडिट खात्यात १२,००० शिल्लक होते, ते यात वापरता येतात. तरी २२,७४० रुपये रोख भरावे लागले असते आणि दुकान तर बंद झालेलं.

म्हणून माझा आग्रह असतो की माल नंबर चालू असतानाच विकावा, शक्य तर नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यालाच. आपल्या दुकानदाराने दिग्रसच्या एका हार्डवेअरवाल्याला सगळा माल एकगठ्ठा १,४०,००० ला दिला. खरेदीपेक्षा २०,००० कमी मिळाले. पण बिलावर २५,२०० रुपये कर वेगळा लावला आणि तो घेणाऱ्याने दिला. त्याला त्याचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे त्यानेही कुरकुर केली नाही. विक्री खरी असेल आणि घेणारा नात्यातला नसेल, तर ज्या भावाला माल गेला त्याच भावावर कर लागतो. क्रेडिट २८,८०० घेतलं होतं म्हणून फरक भरा, असं इथे होत नाही. त्या २५,२०० मधून क्रेडिटचे १२,००० वजा करून १३,२०० त्याने तिमाहीच्या रिटर्नसोबत जमा केले. ते पैसे घेणाऱ्याकडूनच आलेले होते.

हे बिल करताना एक काळजी घ्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असला तरी करासकट किंमत १ लाखाच्या वर गेली की ई-वे बिल लागतं. इथे किंमत १,६५,२०० होती, म्हणून ते केलं. आणि माल खरोखर हलला पाहिजे. माल दुकानातच ठेवून दुसऱ्याच्या नावे नुसतं बिल फाडणं हा गुन्हा आहे. त्यात देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

रंगाचे सुकलेले डबे किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर असा माल विकला जात नाही. तो फेकून दिला तर त्यावर घेतलेलं क्रेडिट परत करायचं. घरी बांधकामाला वापरलेल्या पाइपांचंही तसंच.

मुलगा किंवा भाऊ तेच दुकान पुढे चालवणार असेल तर मात्र वाट वेगळी आहे. त्याने स्वतःच्या नावे नवा नंबर घ्यायचा आणि दुकान मालासकट त्याच्याकडे सोपवून शिल्लक क्रेडिट ITC-02 ने त्याच्या खात्यात न्यायचं. तिथे शिल्लक मालावर कर भरायची वेळ येत नाही. मालकाचं निधन झालं असेल तर वारसांनीही आधी हाच विचार करावा. घाईने नंबर रद्द करून बसू नये.

अर्ज

शेवटची विक्री ३१ डिसेंबरला झाली. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीचं GSTR-1 १३ जानेवारीपर्यंत आणि महाराष्ट्रात GSTR-3B २२ जानेवारीपर्यंत भरायचं असतं. त्याने दोन्ही १५ जानेवारीपर्यंत उरकली आणि १६ जानेवारीला अर्ज केला. दुकान बंद झाल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो.

अर्जाचं नाव REG-16. तो Services > Registration > Application for Cancellation of Registration इथे मिळतो. त्यात कारण निवडायचं, इथे धंदा बंद केल्याचं. कोणत्या तारखेपासून रद्द हवं ते लिहायचं, इथे १ जानेवारी २०२६, म्हणजे शिल्लक मालाचा दिवस ३१ डिसेंबर ठरतो. पुढच्या पत्रव्यवहारासाठी पत्ता विचारतात. तिथे लोक सवयीने दुकानाचाच पत्ता टाकतात आणि मग कागद कुलूप लावलेल्या दारावरून परत जातो. घरचा पत्ता द्या.

शिल्लक मालाची आणि कराची रक्कमही अर्जात विचारलेली असते. ती त्याच वेळी भरलीच पाहिजे असं नाही, ती अंतिम रिटर्नमध्ये भरता येते. केंद्र सरकारच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर २०१८ मध्ये परिपत्रक काढून हे अधिकाऱ्यांना कळवलेलं आहे. कोणी यावरून अर्ज अडवला तर त्या परिपत्रकाचा आधार घ्या.

अर्ज भरला की नोंदणी स्थगित होते. त्या काळात करपात्र विक्री करायची नाही आणि त्या काळाचं रिटर्नही भरायचं नाही. अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. काही कमी वाटलं तर तो पोर्टलवरच खुलासा मागतो आणि त्याला कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक इथेच. दुकानदार अर्ज करून मोकळा झालेला असतो आणि खुलासा मागितल्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून तो पहिला महिना आठवड्यातून दोनदा पोर्टल उघडत जा.

आदेश REG-19 मध्ये येतो. आपल्या दुकानदाराला तो १० फेब्रुवारी २०२६ ला मिळाला. तो उघडून तारीख तपासा, कारण अधिकारी तुम्ही मागितलेल्यापेक्षा वेगळी तारीख देऊ शकतो. मग रिटर्नच्या पानावर जाऊन जानेवारीच्या पुढचं एखादं रिटर्न बाकी दिसतं का ते पाहा. दिसलं तर शून्याचं भरून टाका.

ज्यांनी अर्जच केला नाही आणि रिटर्नही सोडून दिली, त्यांचा नंबर अधिकारी स्वतःहून रद्द करतो. तिमाही रिटर्नवाल्याने सलग दोन तिमाह्या भरल्या नाहीत की त्याला REG-17 ही कारणे दाखवा नोटीस येऊ शकते. "बरं झालं, फुकटात रद्द झाला," असं म्हणणारे भेटतात. पण तशा रद्द झालेल्या नंबरलाही राहिलेली रिटर्न, विलंब शुल्क, शिल्लक मालाचा कर आणि अंतिम रिटर्न सगळं लागूच असतं.

अंतिम रिटर्न

GSTR-10 भरायला तीन महिने मिळतात. रद्द होण्याची तारीख आणि आदेशाची तारीख यांत जी नंतरची असेल तिथून ते मोजायचे. इथे आदेश १० फेब्रुवारीचा, म्हणून १० मे २०२६ पर्यंत. उशीर झाला तर रोज २०० रुपये, जास्तीत जास्त १०,००० रुपये. माल काहीच शिल्लक नसेल, भरायचा कर शून्य असेल, तरीही हे रिटर्न भरावं लागतं आणि शुल्कही तेवढंच लागतं. एक रुपयाचा कर नसताना केवळ हे एक रिटर्न माहीत नसल्याने दहा हजार भरणारे दुकानदार पाहिले की फार वाईट वाटतं, कारण नंबर रद्द झाल्याच्या आदेशासोबतच त्यांना कोणीतरी हे सांगायला हवं होतं.

हे रिटर्न Services > Returns > Final Return इथे आहे. बिलं असलेला माल आणि संगणकासारख्या वस्तू वेगवेगळ्या रकान्यांत जातात. ज्या मालाचं खरेदीचं बिल सापडत नाही त्याची बाजारभावाने किंमत धरायची आणि त्या किमतीला चार्टर्ड अकाउंटंटचं किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र जोडायचं. त्याची फी वेगळी द्यावी लागते, म्हणून जुनी बिलं शोधण्यात एक दिवस गेला तरी चालेल. आपल्या दुकानदाराचा माल विकलेलाच होता. त्याने फक्त संगणकाचे ३,२४० रुपये दाखवले, केंद्राचे १,६२० आणि राज्याचे १,६२०. क्रेडिट संपलं होतं, म्हणून चालान करून रोख भरले.

उलट कोणाच्या रोख खात्यात जास्तीचे पैसे पडून असतील तर RFD-01 ने परत मागता येतात. क्रेडिट खात्यात उरलेली रक्कम मात्र साधारणपणे परत मिळत नाही. माल वेळेत विकण्याचं हेही एक कारण आहे.

रिटर्न भरल्यावर पोर्टलच्या Search Taxpayer मध्ये आपला नंबर टाकून पाहा. तुमच्या अर्जावरून रद्द झाल्याचं तिथे दिसायला हवं. त्या पानाची आणि REG-19 ची छापील प्रत ठेवा, बँकेचं चालू खातं बंद करताना ती उपयोगी पडते.

जीएसटी रद्द झाला म्हणून व्यवसाय कर आपोआप बंद होत नाही. दुकानदाराच्या नावाची ती नोंदणी महाराष्ट्राच्या राज्य कर विभागाकडे, म्हणजे mahagst.gov.in वर, वेगळी असते आणि वर्षाला २,५०० रुपये मागत राहते. तिच्यासाठी वेगळा अर्ज करा.

आणि बिलं, वह्या, ई-वे बिलं सांभाळून ठेवा. वार्षिक रिटर्नची जी शेवटची तारीख असते तिच्यापासून ७२ महिने कागद ठेवायचे असतात. २ कोटींच्या आत उलाढाल असल्याने वार्षिक रिटर्नच भरावं लागत नसलं, तरी मोजणी त्याच तारखेपासून करा. २०२५-२६ ची ती तारीख ३१ डिसेंबर २०२६ आहे, म्हणजे या दुकानाचे शेवटच्या वर्षाचे कागद ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत जपायचे. तोपर्यंत महिन्या-दोन महिन्यांनी एकदा पोर्टलवर जाऊन ते दोन्ही नोटिशीचे पर्याय उघडून पाहायचे, नंबर रद्द झाल्यावरही खातं उघडतं.